डॅक डोंगल गरम होतो, आवाज येत नाही: आधी करंट कुठं जातोय ते शोधा

दादा, मी टाइप-सीवरून ३.५ चा छोटा डॅकवाला डोंगल घेतला, साधा वायरवाला हेडफोन लावायला. दीड महिना मस्त चालला. आता फोनमध्ये टाकला की चार-पाच मिनिटांत चटका बसते एवढा गरम होते, अन् आवाज काहीच नाही. वर हेडफोनचं चिन्ह मात्र येते. भावाच्या फोनला लावला तर तिथंही आवाज नाही, पण तिथं थंडगार राहते. मोबाइलवाला म्हणते, तुमच्या फोनची चार्जिंग पिन गेली, ७०० रुपये लागतील. डोंगल माझ्या फोनशी जुळत नसंल का? की माझा फोन जास्त करंट देऊन राहिला? मधात एकदा मंदिरातल्या भजनाच्या अ‍ॅम्प्लिफायरलाही लावला होता. त्याचा काही संबंध आहे का? (दारव्हा तालुका, यवतमाळ)

भाऊ, चार्जिंग पिनवर ७०० रुपये आत्ता घालू नका. तुमच्या फोनची पिन काम करते आहे, हे तुमच्याच वर्णनात आहे. डोंगल गरम होतो म्हणजे त्या पिनमधून वीज जाते आहे, आणि हेडफोनचं चिन्ह येतं म्हणजे डेटाच्या तारांवरून फोनची आणि डोंगलची ओळखही पटते आहे. पिन गेली असती तर यातलं निदान एक तरी बंद पडलं असतं. मला दाट शंका आहे की डोंगलच आतून गेला आहे, आणि त्याचं मूळ मंदिरातल्या त्या वायरमध्ये असावं. पण माझ्या शंकेवर विसंबू नका. घरबसल्या अर्ध्या तासात तुम्हीच पडताळून बघू शकता.

आधी भावाच्या फोनचा गुंता सोडवू, कारण सगळी दिशाभूल तिथूनच होते आहे. तिथं डोंगल थंड राहतो, म्हणून दोष आपल्या फोनचा, असं तुम्हाला वाटलं. मोबाइलवाल्यालाही तसंच वाटलं असणार. पण त्या फोनमध्ये डोंगलला वीज पोचलीच नाही, अशी शक्यता जास्त आहे. ओप्पो, रिअलमी, वनप्लस अशा बऱ्याच फोनमध्ये सेटिंगमध्ये `OTG connection` नावाचं बटण असतं. ते बंद असेल तर फोन पिनवर पाच व्होल्ट सोडतच नाही. चालू केलं तरी दहा मिनिटं काही जोडलं नाही तर ते आपोआप बंद होतं, म्हणून कालचं चालू केलेलं आज चालू असेल याचा भरवसा नसतो. वीज नाही म्हणून गरमी नाही आणि आवाजही नाही. त्या फोनवर तुमची परीक्षा झालेलीच नाही. तिथं सेटिंगच्या शोधाच्या जागी OTG टाइप करा, बटण चालू करा आणि लगेच डोंगल लावा. पाच मिनिटांत तिथंही तो तापला, तर तुमचा फोन सुटला.

आता जुळण्याचा प्रश्न. ३.५ च्या जॅकचे टाइप-सी डोंगल दोन जातीचे असतात आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. एका जातीत आत फक्त तारा असतात. फोनच स्वतःच्या आतला आवाज, तयार विद्युत रूपात, टाइप-सीच्या पिनांवर सोडतो आणि डोंगल तो नुसता जॅकपर्यंत नेतो. दुसऱ्या जातीत डोंगलच्या आत चिप असते. फोन तिला आकड्यांच्या रूपात आवाज देतो, चिप त्याचा आवाजाचा सिग्नल बनवते आणि हेडफोनला ढकलते. ही चिप म्हणजेच डॅक.

पहिल्या जातीचा डोंगल ज्या फोनला ती सोय नाही अशा फोनला लावला, तर आवाज येत नाही, पण तो तापतही नाही. त्याच्या आतल्या जोडणीवरून फोनला कळतं की ही नुसती आवाजाची वायर आहे, आणि तो पाच व्होल्ट देतच नाही. डॅकवाल्या डोंगलचं फोनशी जुळलं नाही तरी तो नुसता कोमट होऊन बसून राहतो, कारण चिप जागी असते पण तिला काम नसतं. म्हणून माझ्या टेबलावर पहिला प्रश्न एकच असतो: मुका आणि थंड, की मुका आणि गरम? मुका आणि थंड असेल तर डोंगलची जात, ओटीजी, पिनमधला कचरा हे सगळं बघायचं. मुका आणि गरम असेल तर जुळण्याचा विषय मागे ठेवायचा आणि करंट कुठं जातोय ते शोधायचं. तुमचा डोंगल दीड महिना त्याच फोनवर चालला, त्यामुळे तो तुमच्या फोनशी जुळतो यात शंकाच नाही.

फोन जास्त करंट देतो का, हेही बरेच जण विचारतात. फोन करंट ढकलत नाही. तो पाच व्होल्टचा दाब ठेवतो आणि समोरची वस्तू तिच्या गरजेइतका करंट ओढते. साध्या यूएसबी २ च्या नियमात ओळख पटेपर्यंत १०० मिलिअ‍ॅम्पिअर आणि पटल्यावर जास्तीत जास्त ५०० मिलिअ‍ॅम्पिअर, अशी मर्यादा आहे. छोट्या डॅकला एवढं लागतच नाही. गाणं चालू असताना धडधाकट डोंगल माझ्या मीटरवर साधारण ३० ते ६० मिलिअ‍ॅम्पिअर दाखवतो. दोन चिपांचे महागडे डोंगल १०० च्या वरही जातात, पण ते मुके नसतात. ३० मिलिअ‍ॅम्पिअर गुणिले ५ व्होल्ट म्हणजे ०.१५ वॅट. एवढ्यानं अंगठ्याच्या पेराएवढी वस्तू कोमट होते, बस. तीच वस्तू २०० मिलिअ‍ॅम्पिअर ओढायला लागली की एक वॅट होतो. एवढ्याशा डबीला तो बाहेर टाकायला जागा नसते, मग चटका बसतो.

इथं आपल्याकडच्या उन्हाचा हिशेब धरावाच लागतो. मे महिन्यात टिनाच्या खोलीत ४४ अंश असताना चांगला डोंगलही हाताला गरमच लागणार, कारण तो हवेपेक्षा दहा अंश जरी वर गेला तरी ५४ होतो आणि तेवढ्याला बोट मागे येतं. डिसेंबरात तोच डोंगल सुखद ऊबदार वाटेल. म्हणून नुसत्या गरमीवरून डोंगल फेकू नका. उन्हाळ्यात तुलना फोनच्या पाठीशी करा: गाणं वाजत असेल आणि डोंगल फोनच्या पाठीपेक्षा थोडाच गरम असेल, तर तो ठीक आहे.

आता परीक्षा. सकाळी किंवा संध्याकाळी करा, फोन थंड असताना, आणि फोनला चार्जर लावू नका. हेडफोन काढून ठेवा. नुसता डोंगल फोनमध्ये घाला, गाणं चालू करा, आवाज अर्ध्यावर ठेवा आणि पाच मिनिटं थांबा. मधे मधे डोंगलला बोट लावून बघा, तेही दोन ठिकाणी: फोनकडच्या टोकाला आणि जॅकच्या टोकाला. काही डोंगल जॅकमध्ये पिन नसली की फोनला दिसतच नाहीत. तसं झालं तर गाणं फोनच्या स्पीकरमधून येईल, येऊ द्या. आपल्याला गरमी बघायची आहे.

हेडफोन नसतानाही डोंगल तापला, तर करंट डोंगलच्या आतच मुरतो आहे. हेडफोन लावल्यावरच तापत असेल, तर दोष हेडफोनच्या पिनेत, तारेत किंवा जॅकमध्ये आहे. तेव्हा दुसरा, नक्की चालणारा हेडफोन लावून बघा. बऱ्याचदा पिनेच्या मानेजवळ तार वाकून वाकून आतल्या तारा एकमेकींना चिकटतात. तेवढं निघालं तर डोंगल वाचला.

याच वेळी कानही द्या. डोंगल आणि हेडफोन लावल्यावर गाणं फोनच्याच स्पीकरमधून येत असेल, तर फोनने आवाज डोंगलकडे वळवलेलाच नाही. कधी कोणी डेव्हलपर पर्यायांमधलं `Disable USB audio routing` चालू करून ठेवलेलं असतं, ते बंद करायचं. पण हेडफोनही गप्प आणि स्पीकरही गप्प असेल, तर फोनने आपलं काम केलं. आवाज डोंगलपर्यंत गेला आणि तिथं मेला. चिन्ह येतं म्हणता, त्यावरून तुमचा प्रकार हाच दिसतो.

फोनकडचं टोक जास्त तापत असेल तर भिंग घेऊन टाइप-सीच्या तोंडात बघा. डोंगल शर्टाच्या खिशात ठेवून वावरात फिरणाऱ्यांचा हा नेहमीचा दोष आहे. घामात मीठ असतं. ते पिनांवर बसतं आणि ओल धरतं. पाच व्होल्टची पिन आणि तिच्या शेजारची ओळख पटवणारी पिन यांच्यामध्ये अर्ध्या मिलिमीटरचंही अंतर मोकळं नसतं. मिठाच्या ओलीतून करंट झिरपतो, पाच व्होल्टची पिन काळी-हिरवी पडते, आणि फोन कधी डोंगल ओळखतो, कधी नाही. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, आयपीए म्हणून मागा. दातांच्या मऊ ब्रशावर दोन थेंब घेऊन तोंड घासा आणि तासभर वाळू द्या. हात धुवायचं सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं आणि ते आत राहून जातं. फोनच्या भोकात साचलेला रुईचा मळ फोन बंद करून लाकडी दातकोरणीनं हलकेच काढा. टाचणी आत घालू नका, तिथल्या पिना एकदा वाकल्या की मग खरंच ७०० रुपये लागतील.

करंट मोजायचा असेल तर टाइप-सीचा छोटा यूएसबी मीटर फोन आणि डोंगलच्या मध्ये लावतात. तो लावल्यावर फोनला डोंगल दिसेनासा झाला तर घाबरू नका. स्वस्त मीटरमध्ये एकाच बाजूच्या तारा पुढं नेलेल्या असतात, डोंगल उलटा करून लावा. मीटर नसेल तर एक गावठी उपाय आहे. बहुतेक पॉवर बँक समोरची वस्तू फारच कमी करंट ओढत असेल तर थोड्या वेळात आपोआप बंद होतात. जुन्या चौकोनी यूएसबी भोकातून, टाइप-सीच्या भोकाचा कनेक्टर लावून डोंगल जोडा. चांगला डोंगल एवढं कमी ओढतो की पॉवर बँकेचे दिवे थोड्या वेळात विझतात. ते विझतच नसतील आणि डोंगल तापत असेल, तर दोष नक्की. मात्र हे फरशीवर करा, गादीवर नको, आणि दोन मिनिटांच्या वर ठेवू नका. पॉवर बँक फोनपेक्षा खूप जास्त करंट देऊ शकते आणि आतून शॉर्ट झालेला डोंगल जळू शकतो.

आता मंदिराच्या वायरकडे येतो. गेल्या वर्षी चैत्रात एका भजनी मंडळाचे काका असाच डोंगल घेऊन दुकानात आले. “याले हात लावून पाय ना भाऊ, चुलीतून काढल्यासारखा झाला. अन् आवाज? अर्धाच येते.” मी नुसता डोंगल मीटरवर लावला तर ०.०३ अ‍ॅम्पिअर. माझा हेडफोन लावून गाणं चालवलं तर ०.०४, दोन्ही कानात आवाज. डोंगल चांगला होता. मग म्हटलं, काका, मंदिरात कोणती वायर लावता? त्यांनी पिशवीतून काढली. एका टोकाला अ‍ॅम्प्लिफायरची जाड पिन, दुसऱ्या टोकाला ३.५ ची पिन, पण त्या पिनेवर काळी रेघ एकच. ती वायर लावून गाणं सुरू केलं आणि मीटर ०.१४ वर गेला. तीन मिनिटांत डोंगलचं जॅकचं टोक बोट टेकवू देईना.

तुमची वायर काढून तिच्या पिनेवरच्या रेघा मोजा. फोनच्या हेडफोनच्या पिनेवर तीन रेघा असतात: टोक डावा कान, पुढची कडी उजवा कान, मग सामायिक तार आणि शेवटी माइक. माइक नसलेल्या स्टीरिओ पिनेवर दोन रेघा. एकच रेघ म्हणजे मोनो पिन. तिच्यात टोक सोडलं तर बाकी सगळी दांडी हा धातूचा एकच तुकडा असतो. अशी पिन डोंगलमध्ये गेली की उजव्या कानाची तार थेट सामायिक तारेला टेकते. डावा आवाज अ‍ॅम्प्लिफायरला जातो, म्हणून भजन ऐकू येतं आणि कोणाला शंका येत नाही. पण उजव्या बाजूचा चिमुकला अ‍ॅम्प्लिफायर त्या वेळी शॉर्टमध्ये आवाज ढकलत असतो. हेडफोनमध्ये त्याला ३२ ओहमचा अडथळा मिळतो, इथं जवळपास शून्य. मग सगळी वीज चिपमध्येच उष्णता होऊन राहते. चांगल्या चिपेत शॉर्टपासून संरक्षण असतं आणि ती त्या बाजूचा आवाज दाबते. स्वस्तातल्या चिपेत ते नसतं, किंवा असलं तरी रात्रभराच्या भजनाला पुरत नाही.

काकांचा डोंगल वेळेत आला म्हणून वाचला. तुमचा त्याच्या पुढच्या टप्प्यावर गेलेला दिसतो. चिपचा हेडफोनकडचा भाग एकदा जळून आतच शॉर्ट झाला की मग बाहेर कोणतीही पिन असो वा नसो, करंट जातच राहतो. ओळख पटवणारा भाग वेगळा असतो. तो जिवंत राहतो, म्हणून फोनवर चिन्ह येतं. आवाज नाही, चिन्ह आहे, गरमी आहे, आणि आधी मंदिराची वायर लावली होती, या चारही गोष्टी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. हेडफोन काढूनही तो तापला आणि तोंड स्वच्छ केल्यावरही तापला, तर तो परत फोनला लावू नका. ५००० मिलिअ‍ॅम्पिअर-तासांच्या बॅटरीतून एक वॅटचा डोंगल ताशी सहा-सात टक्के उगाच खातो, आणि त्या गरमीनं फोनच्या पिनेभोवतीचं प्लास्टिकही मऊ होऊ शकतं.

दुरुस्तीचं विचाराल तर मी नाही म्हणेन. चिप तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, तिच्या पिना खालच्या बाजूला, आणि सुटी चिप आपल्याकडे मिळत नाही. नवीन घ्या. घेताना ‘डॅक’ लिहिलेलाच घ्या आणि दुकानातच तुमच्या फोनला लावून, तुमच्याच हेडफोनवर, दहा मिनिटं ऐका. फक्त ‘टाइप-सी ते ३.५’ लिहिलेल्या डबीत नुसत्या तारांचा डोंगलही निघतो.

नवा डोंगल मंदिरात लावायचा असेल तर वायर आधी बदला. डोंगलकडे दोन रेघांची स्टीरिओ पिन घ्या. तिच्या टोकाला एक १ किलोओहमचा रेझिस्टर सोल्डर करा, आणि कडीला दुसरा तसाच. पाव वॅटचे चालतात, त्यांच्यावरचे पट्टे तपकिरी, काळा, लाल. दोन्ही रेझिस्टरची मोकळी टोकं एकत्र जोडा आणि तिथून एक तार अ‍ॅम्प्लिफायरच्या मोनो पिनेच्या टोकाला न्या. पिनेच्या दांडीची तार सरळ दांडीला. दोन्ही रेझिस्टरवर स्लीव्ह चढवा, नाहीतर पिनेच्या टोपणात ते एकमेकांना टेकतील. डावा आणि उजवा आवाज थेट एकत्र बांधू नका, तसं केलं तर दोन्ही बाजू एकमेकींशी भांडतात आणि चिप पुन्हा तापते. रेझिस्टर मध्ये असले की कोणत्याही बाजूला १ किलोओहमपेक्षा कमी अडथळा दिसत नाही, मग पलीकडची पिन कोणी शॉर्ट केली तरी डोंगलला कळतही नाही. आवाज किंचित कमी येईल, तेवढा अ‍ॅम्प्लिफायरचा व्हॉल्यूम वाढवा. काकांच्या मंडळाला मी अशीच वायर करून दिली. वायर लावून बघितली तेव्हा मीटर ०.०३ वर होता.